फिरत्या मोरांना सममितीचे किती गुण? सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेतील निकालाबाबत मार्गदर्शन हवे

अंगणवेल

नमस्कार. नागपुरात मनीषनगर भागातील आमच्या सोसायटीत दिवाळीच्या रविवारी रांगोळी स्पर्धा झाली आणि संयोजनाचे काम माझ्याकडे होते. स्पर्धक चौदा, परीक्षक तीन, प्रत्येकीला वाहनतळातील पेव्हर ब्लॉकवर खडूने आखून दिलेला पाच फूट बाय पाच फुटांचा चौकोन आणि सकाळी सात ते साडेनऊ असा वेळ. सममिती, नावीन्य, रंगसंगती आणि सफाई अशा चार निकषांना प्रत्येकी २५, म्हणजे एकूण १०० गुण ठेवले होते. निकाल लागल्यावर वाद झाला आणि तो मला अजून सुटलेला नाही.

हा वाद स्पर्धक क्रमांक ३ आणि स्पर्धक क्रमांक ८ यांच्याबाबत आहे. क्रमांक ३ ची रांगोळी १५ ते ८ ठिपक्यांची होती, अतिशय स्वच्छ आणि रेखीव. क्रमांक ८ च्या ताईंनी वर्तुळात सहा मोर काढले होते. प्रत्येक मोराची चोच पुढच्या मोराच्या पिसाऱ्याकडे वळलेली, त्यामुळे सगळे वर्तुळ भोवऱ्यासारखे फिरते आहे असे वाटत होते. पहिल्या परीक्षकांनी क्रमांक ३ ला ८८ आणि क्रमांक ८ ला ७० गुण दिले. दुसऱ्यांचे गुण अनुक्रमे ८२ आणि ८५, तिसऱ्यांचे ८१ आणि ८४. बेरीज २५१ आणि २३९ झाली आणि पहिले बक्षीस क्रमांक ३ ला गेले.

गुणपत्रके पाहिल्यावर असे दिसले की पहिल्या परीक्षकांनी मोरांना सममितीचे २५ पैकी फक्त ९ गुण दिले आहेत आणि शेरा लिहिला आहे, “डावी बाजू उजवीशी जुळत नाही.” बाकी दोघांनी त्याच निकषाला २१ आणि २२ दिले आहेत. एकाच रांगोळीच्या सममितीवर इतका फरक कसा पडतो, आणि तीनपैकी दोन परीक्षकांना जी रांगोळी सरस वाटली ती मागे राहणे योग्य आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. संक्रांतीला पुन्हा स्पर्धा आहे, त्याआधी नियम नीट लिहून काढायचे आहेत.

ठिपक्यांचीकविता

ताई, दोष बेरजेच्या पद्धतीत आहे. जे परीक्षक गुण ताणून देतात, कोणाला ५५ तर कोणाला ८८, त्यांचे मत बेरजेत जड होते. जे सर्वांना ७८ ते ८५ च्या मध्येच ठेवतात, त्यांचे मत असून नसल्यासारखे होते. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षकांनी मोरांना तीन-तीन गुण जास्त दिले, पण पहिल्यांच्या अठरा गुणांच्या फरकापुढे त्या सहा गुणांचा काय टिकाव लागणार? गुणांची बेरीज करण्याऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेल्या क्रमांकांची बेरीज करा आणि जिची बेरीज सर्वांत कमी तिला पहिले बक्षीस द्या. आमच्या भिशीच्या गटात आम्ही असेच करतो.

सोनेगावची_लेक

हा विषय वाचून मन भरून आले, कारण माझ्या मुलीवर याच पद्धतीने अन्याय झाला. तिने गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत संत गाडगेबाबांचे व्यक्तिचित्र रांगोळीत काढले होते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे पांढरे-करडे केस, हातातला खराटा, सर्व काही तीन तासांत. लोक थांबून पाहत होते. तिला सममितीत २५ पैकी ६ गुण मिळाले. ठिपक्यांच्या रांगोळीपेक्षा व्यक्तिचित्राला दहापट कष्ट लागतात, हे परीक्षकांना कळायला हवे. तुमच्या मोरांनाही म्हणूनच न्याय मिळाला नाही.

रेघोटी

मी चित्रकलेची शिक्षिका होते. नागपुरातील महाल भागात राहते आणि बरीच वर्षे शाळांच्या आणि वस्त्यांच्या रांगोळी स्पर्धांचे परीक्षण केले आहे. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या सुट्या करून लिहिते.

सोनेगावच्या ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न खरा आहे, पण तो या प्रश्नाहून निराळा आहे. व्यक्तिचित्रात सममिती असण्याचे कारणच नाही. तिथे त्या रकान्यात प्रमाणबद्धता पाहायला हवी, म्हणजे डोळे चेहऱ्याच्या कितव्या भागावर आहेत, खांदे डोक्याच्या मानाने केवढे आहेत, हे. व्यक्तिचित्र आणि आकृतिबंध एका गटात ठेवून एकाच पत्रकावर तोलणे ही संयोजकांची चूक होती. मोरांचे तसे नाही. मोरांच्या रांगोळीत सममिती आहे, मात्र ती डाव्या-उजव्याची नाही.

ठिपक्यांची १५ ते ८ ची रांगोळी घ्या. मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, म्हणजे एकूण १६९ ठिपके आणि बाहेरचा आकार षट्कोनाचा. तिच्यावर काढलेले कमळ मधोमध दुमडले तर एक अर्ध दुसऱ्यावर बसते. ही आरशातली सममिती. फिरणाऱ्या मोरांची रांगोळी दुमडून कधीच बसणार नाही, कारण सगळ्या चोची एकाच दिशेला आहेत आणि आरशात त्या उलट दिशेला दिसतील. पण तीच रांगोळी मध्यबिंदूभोवती वर्तुळाचा सहावा भाग फिरवली की स्वतःवरच तंतोतंत बसते. ही फिरती सममिती. ती उणी नाही, आणि हाताने साधायला सोपी तर मुळीच नाही, कारण ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके हाताला धरून नेतात, इथे स्पर्धकाला सहा जागा स्वतः वाटून घ्याव्या लागतात.

तपासण्याची रीतही वेगळी आहे. आरशातली सममिती पाहायची तर मधल्या रेषेच्या टोकाशी उभे राहावे आणि डावे-उजवे ताडावे. फिरती सममिती पाहायची तर रांगोळीभोवती चालत जावे आणि प्रत्येक मोरासमोर थांबावे. सहा वेळा थांबल्यावर सहाही वेळा समोर तेच चित्र दिसले पाहिजे. आपल्या पहिल्या परीक्षकांनी, शेऱ्यावरून वाटते तसे, पहिली रीत दुसऱ्या प्रकारच्या रांगोळीला लावली.

क्रमांकांच्या बेरजेबद्दल मात्र थोडे थांबावे असे वाटते. पहिल्या परीक्षकांच्या पत्रकात मोर कितव्या क्रमांकावर होते?

अंगणवेल

आत्ताच पाहिले. त्यांच्या पत्रकात क्रमांक ३ पहिली आणि मोर सहावे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षकांच्या पत्रकात मोर पहिले आणि क्रमांक ३ दुसरी.

रेघोटी

म्हणजे क्रमांकांची बेरीज केली तरी क्रमांक ३ चे १ अधिक २ अधिक २ असे ५ होतात आणि मोरांचे ६ अधिक १ अधिक १ असे ८. निकाल तोच राहतो. एका परीक्षकाचा टोकाचा आकडा गुणांत जितका बोचतो तितकाच क्रमांकांतही बोचू शकतो. तिघांपैकी मधला आकडा धरला तर क्रमांक ३ चा ८२ आणि मोरांचा ८४ येतो आणि निकाल उलटतो. परंतु सोयीचा निकाल देणारी रीत निकाल लागल्यावर शोधणे मला पटत नाही. कोणती रीत वापरायची ते रांगोळ्या पाहण्यापूर्वी ठरले पाहिजे.

ठिपक्यांचीकविता

क्रमांकांचे माझे म्हणणे इथे लागू पडले नाही, हे मान्य. आमच्या गटात पाचच जणी असतात, त्यामुळे कोणी सहाव्या क्रमांकावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही गुण ताणून देणाऱ्या परीक्षकाचे वजन वाढते, ही गोष्ट खरीच आहे ना?

रेघोटी

ती अगदी खरी आहे. निकषांनाही ती लागू होते. सफाईला सगळ्यांना २० ते २२ दिले आणि नावीन्याला १० ते २४ दिले, तर कागदावर दोन्ही निकष २५ चे असले तरी निकाल एकटे नावीन्य ठरवते. त्यासाठी परीक्षकांनी फेरी सुरू करण्यापूर्वी स्पर्धेबाहेरची एखादी रांगोळी, म्हणजे प्रवेशद्वाराशी संयोजकांनी काढलेली असते ती, तिघांनी मिळून पाहावी, वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग पत्रके एकमेकांना दाखवावीत. दहा मिनिटांचे काम आहे. आपल्याकडे ते झाले असते तर सममिती म्हणजे काय यावरचा मतभेद तिथेच कळला असता.

धरमपेठी_अभियंता

हे सगळे डोळ्यांवर कशाला सोडायचे? आमच्या इमारतीत मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून प्रत्येक रांगोळीचा फोटो काढतो, संगणकावर त्याची एक प्रत ६० अंशांत फिरवतो आणि मूळ फोटोवर ठेवतो. जिथे रेषा जुळत नाहीत तिथे चूक आहे. यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही.

रेघोटी

कल्पना चांगली आहे, पण फोटो बरोबर डोक्यावरून घेतलेला असेल तरच. गॅलरीतून घेतलेल्या फोटोत रांगोळी तिरकी येते, दूरची बाजू आखूड आणि जवळची मोठी दिसते, वर्तुळाचे लांबट अंडे होते. तो फोटो फिरवून ठेवला तर निर्दोष रांगोळीही चुकलेली दिसेल. ओळखायची खूण सोपी आहे. खडूने आखलेल्या चौकोनाच्या चारही बाजू फोटोत सारख्या लांबीच्या दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर त्या फोटोवरून गुण देऊ नयेत.

उलट, तिरके पाहण्यामुळे होणारी एक चूक खुद्द रांगोळीतही सापडते. स्पर्धक एकाच बाजूला बसून बराच वेळ काम करते. तिला दूरचा भाग आखूड दिसतो, म्हणून नकळत ती तिकडच्या पाकळ्या लांब काढते. तिच्या जागेवरून रांगोळी छान गोल दिसते आणि समोरच्या बाजूला गेले की बिघडलेली दिसते. म्हणून परीक्षकाने स्पर्धक बसली होती त्या बाजूने कधीही सुरुवात करू नये. समोरून सुरुवात करून पूर्ण प्रदक्षिणा घालावी.

धरमपेठी_अभियंता

बरोबर आहे. मी आत्ता जुने फोटो उघडून पाहिले. एकाही फोटोत चौकोन चौकोनी नाही. गेल्या वर्षी आम्ही याच फोटोंवरून दोन जणींचे गुण कापले होते, ते आता मनाला लागते आहे. मग मोजमाप करायचेच नाही का?

रेघोटी

करावे, पण दोरीने, आणि रांगोळीच्या बाहेरून. वर्तुळाचे सहा भाग पाडण्याची जुनी युक्ती अशी आहे की ज्या दोरीने वर्तुळ काढले तीच दोरी न बदलता परिघावर टेकवत गेले तर सहाव्या वेळेला ती बरोबर पहिल्या खुणेवर येते. त्रिज्या ६० सेंटिमीटर असेल तर लगतच्या दोन चोचींमधले सरळ अंतरही ६० सेंटिमीटर यायला हवे. ज्या स्पर्धक हे अंतर अंदाजाने घेतात त्यांची चूक एका जागी दिसत नाही, ती साचत जाते. प्रत्येक वेळी केवळ एक सेंटिमीटर कमी घेतला, म्हणजे ५९, तर पाच अंतरे एकसारखी दिसतात आणि शेवटचे सुमारे ६५ भरते. त्यामुळे फिरत्या रचनेत नेहमी शेवटचा आकार पाहावा. तो इतरांपेक्षा फुगलेला किंवा दबलेला असेल तर वर्तुळ न आखता वाटले आहे हे कळते.

पहिल्या_फेरीचा_परीक्षक

या चर्चेचा दुवा मला सोसायटीतील एका स्नेह्यांनी पाठवला. ज्यांच्या ९ गुणांबद्दल आपण बोलत आहात तो परीक्षक मीच आहे. नाव देत नाही, परंतु उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो.

रेघोटी मॅडम, आपले म्हणणे मी दोनदा वाचले आणि ते मला मान्य आहे. मी मधल्या रेषेवर उभा राहून डावे-उजवे ताडले आणि मोर एकमेकांचे आरसे नाहीत म्हणून गुण कापले. ती माझी चूक झाली आणि शेराही अपुरा होता. मात्र मी आणखी एक गोष्ट पाहिली होती, जी पत्रकावर लिहिली नाही. भिंतीकडच्या बाजूचा एक मोर इतर पाचांपेक्षा ठळकपणे मोठा होता. त्याचा पिसारा मागच्या मोराच्या चोचीला टेकत नव्हता, मध्ये जास्त फट होती आणि ती फट बुजवण्यासाठी तिथे एक जास्तीचे पान काढलेले होते. इतर पाच जागी ते पान नव्हते. आज गुण द्यायचे झाले तर मी ९ देणार नाही, पण २१ किंवा २२ सुद्धा देणार नाही. मी १६ देईन.

अंगणवेल

सर, आपण स्वतः लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी लगेच बेरीज करून पाहिली. ९ ऐवजी २२ धरले तर मोरांची बेरीज २५२ होते आणि त्या एका गुणाने पुढे जातात. आपले १६ धरले तर २४६ होते आणि क्रमांक ३ चा पहिला क्रमांक कायम राहतो.

सोनेगावची_लेक

एक विचारू का? मोर एक निळा, एक हिरवा असे आलटून-पालटून होते असे फोटोत दिसते. मग रंगांमुळे सममिती मोडली असे धरायचे का? माझ्या मुलीच्या वेळेलाही रंगाचे गुण कसे दिले ते कोणी सांगितले नव्हते.

रेघोटी

नाही. सहा मोरांत दोन रंग आलटून-पालटून घेतले तर रंग तीन वेळा नीट फिरून येतात आणि कुठेही दोन निळे शेजारी येत नाहीत. पाच मोर असते तर शेवटी एकाच रंगाचे दोन शेजारी आले असते आणि तो दोष धरला असता. रंगांच्या गुणांत मी मुख्यतः हे पाहते की पाच पावलांवरून आकार एकमेकांपासून सुटे दिसतात का. पेव्हर ब्लॉकच्या करड्या रंगावर निळा आणि जांभळा बुडून जातो. ज्यांनी आधी गेरूचा हात देऊन तो वाळू दिला त्यांची पांढरी रेघही उठून दिसते. परंतु गेरू ओला असताना रांगोळी टाकली की ती ओल ओढून घेते आणि रंग डागाळतो. हा दोष रंगसंगतीचा मानावा की सफाईचा, यावर परीक्षकांत नेहमी मतभेद असतात. मी सफाईत धरते, आणि एकाच दोषाचे गुण दोन रकान्यांत कापू नयेत याबद्दल आग्रही आहे.

ठिपक्यांचीकविता

याच धाग्यावरून नावीन्याबद्दलही विचारते. १५ ते ८ ची रांगोळी पुस्तकात असते, आमच्या आईच्या वहीतही होती. तिला नावीन्याचे १८ गुण कसे काय? मी शून्य दिले असते. आणि मोर तर मोबाइलवर शेकडो सापडतात.

रेघोटी

शून्य देणे मला अन्यायाचे वाटते. ठिपक्यांची मांडणी ही सर्वांची आहे, जशी गाण्यातली चाल एखाद्या रागात असते. तिच्यावर रेषा कशा जोडल्या, पाकळ्या कुठे एकमेकांतून ओवल्या, कोणते ठिपके रिकामे सोडले, हे स्पर्धकाचे असते. असाच विचार चैत्रांगणाबाबत करावा लागतो. त्यातील गोपद्म, कासव, सूर्य-चंद्र, शंख, गौरीचा पाळणा ही चिन्हे ठरलेली आहेत. ती बदलली तर ते चैत्रांगण राहत नाही. नवेपणा मांडणीत शोधायचा असतो.

नक्कल ओळखण्यासाठी मी चौकशीचा सूर न लावता दोनच प्रश्न विचारते: पहिली रेघ कुठून घेतली, आणि काढताना काय बदलावे लागले? जिने रचना स्वतः बांधली ती लगेच जागा दाखवते आणि कुठे अडले तेही सांगते. जिने मोबाइलवरून उतरवली तिला बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. अर्थात, लाजऱ्या मुलींनाही सुचत नाही, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय देऊ नये.

पहिल्या_फेरीचा_परीक्षक

सफाईबद्दल मला एक अडचण आली ती मांडतो. आम्ही क्रमांक १ पासून फेरी सुरू केली आणि क्रमांक १४ पर्यंत पोचायला पन्नास मिनिटे लागली. तोवर वारा सुटला होता. शेवटच्या तीन रांगोळ्यांभोवती रंगाची पिठासारखी धूळ पसरली होती. मी तिचे गुण कापले, पण घरी आल्यावर ती धूळ स्पर्धकांची की वाऱ्याची, या विचाराने मला स्वस्थता लाभली नाही.

रेघोटी

वाऱ्याची धूळ एकाच दिशेला पसरते आणि हाताची चूक सगळीकडे असते, हा एक फरक आहे. निव्वळ रंगाची पूड पिठासारखी बारीक असते आणि ती सर्वांत आधी उडते. पांढऱ्या रांगोळीत मिसळून घेतलेला रंग जड असतो आणि जागेवर राहतो. तो निवडणे स्पर्धकाच्या हातात होते, म्हणून थोडे गुण कापणे अगदीच चूक नाही. परंतु सफाई खरी दिसते ती रेघेत. चिमूट सोडताना रेघेच्या सुरुवातीला गाठ पडते का, दोन रेघा जिथे मिळतात तिथे ढीग होतो का, वळणावर रेघ जाड होऊन पुढे बारीक होते का, हे गुडघ्यावर बसून पाहावे. वाऱ्याने रेघेची जाडी बदलत नाही. तरीही वेळ संपताच तिघा परीक्षकांनी वेगवेगळ्या क्रमांकांपासून फेरी सुरू करावी, म्हणजे उशिराचा तोटा एकाच टोकाच्या स्पर्धकांना होणार नाही.

धरमपेठी_अभियंता

प्लॅस्टिकचे छापे आणि चाळणी वापरणाऱ्यांचे काय? छाप्याने काढलेली किनार हाताच्या रेघेपेक्षा नेहमीच स्वच्छ दिसते. तिला सफाईचे पूर्ण गुण द्यायचे का?

रेघोटी

चाळणीने जमीन भरण्याला माझी हरकत नाही, कारण तीही हातानेच सारखी धरावी लागते. छाप्यांबद्दल माझेच मत अजून पक्के नाही. काही संयोजक बंदी घालतात, काही वेगळा गट करतात. मी छाप्याच्या भागाला सफाईचे गुण देत नाही, फक्त हाताने काढलेल्या भागाला देते, पण हे अन्यायाचे आहे असे म्हणणारे अनुभवी परीक्षकही मला भेटले आहेत.

अंगणवेल

सर्वांचे आभार. समितीची काल सायंकाळी बैठक झाली. जाहीर झालेला निकाल बदलायचा नाही असे ठरले. संक्रांतीच्या नियमपत्रकात दोन गोष्टी लिहिल्या: स्पर्धकाने रांगोळी सुरू करण्यापूर्वी आपली रचना दुमडणारी, फिरती की मुक्त आहे हे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि परीक्षकांनी त्याच रीतीने ती तपासावी, तसेच व्यक्तिचित्रांचा गट वेगळा राहील. बेरीज करायची की मधला आकडा धरायचा, यावर समितीत एकमत झाले नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला. छाप्यांचा मुद्दा तर चर्चेलाच आला नाही.

बैठकीनंतर मी क्रमांक ८ च्या ताईंकडे गेले आणि परीक्षक सरांचे म्हणणे त्यांना दाखवले. त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी जमिनीवर हात पसरून मला दाखवले की मोरांच्या जागा त्यांनी वितीने मोजल्या होत्या, दोरी आणायची राहून गेली होती. भिंतीकडच्या शेवटच्या मोराशी आल्यावर दोन बोटे जागा जास्त उरली, म्हणून त्यांनी मोर थोडा मोठा केला आणि तरीही फट दिसली म्हणून ते पान काढले.

रेघोटी

त्यांना माझा नमस्कार सांगा आणि संक्रांतीला दोरी आणायला सांगा. ताणली की लांबते अशी दोरी आणू नये. मांज्याला वापरतात तो साधा, न माखलेला सुती धागा दुहेरी करून घ्यावा.